पोळी विकत, भाजी घरची



गेल्या महिन्यात मी सांगलीहून पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते. मुलगा-सून दोघेही नोकरी करतात. न्याहारी घरी होते, दुपारी दोघांनाही ऑफिसच्या कँटीनमध्ये जैन थाळी मिळते. प्रश्न रात्रीच्या जेवणाचा. रोज मोबाईलवर ऑर्डर, आणि जेवायला साडेआठ-नऊ. फ्रीजमध्ये मात्र भाजी सुकत पडलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, किती पैसे घालवता हे!" सूनबाई काही बोलली नाही. पण तिचा चेहरा पडला, आणि मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

सकाळी विचार केला, बी.कॉम. झाले आहे तर टोमणे मारण्यापेक्षा हिशेब मांडू. मुलाला मोबाईलमधली सगळी बिलं काढायला लावली. महिन्यात २२ ऑर्डर, आणि पॅकिंग, डिलिव्हरी, कर धरून सरासरी ४३० रुपये. म्हणजे ९,४६० रुपये!

मग तसंच जेवण मी घरी केलं आणि प्रत्येक जिन्नस वजन करून लिहिला. दोघांसाठी आठ पोळ्या, भाजी, वरण-भात, दही. तेल, मसाला, गॅस धरून ११० रुपये झाले. मी विजयी मुद्रेने वही सुनेपुढे ठेवली.

ती शांतपणे म्हणाली, "आई, यात वेळ कुठे लिहिलाय?"

खरंच नव्हता लिहिला. अडतीस वर्षं मी घरखर्चाची वही ठेवते आहे, त्यात माझा वेळ मी कधीच लिहिला नाही. मग घड्याळ लावून बसले. भांडी धरून सव्वा तास लागला, आणि त्यातली ४० मिनिटं एकट्या पोळ्यांची! कणीक मळणं, लाटणं, भाजणं आणि शेवटी ओटा पुसणं.

इथेच उत्तर सापडलं. आपण "घरी की बाहेरून" असं अख्ख्या जेवणाबद्दल विचारतो. ते प्रत्येक पदार्थाबद्दल विचारावं. पूर्ण जेवण मागवलं तर ३२० रुपये जास्त देऊन सव्वा तास वाचतो, म्हणजे तासाला २५६ रुपये पडले. सोसायटीजवळच्या पोळी-भाजी केंद्रात पोळी ८ रुपयांना मिळते. आठ पोळ्यांचे ६४ झाले. घरी त्यांना २० रुपये लागतात. म्हणजे ४४ रुपयांत ४० मिनिटं वाचली, तासाला ६६ रुपयेच पडले. भाजी-वरण मात्र कुकर आणि कढई एकदमच चढवली की अर्ध्या तासात होतं, आणि बाहेर सगळ्यात महाग तेच असतं.

कुणी म्हणेल, रविवारीच आठवड्याचं करून ठेवावं. पण रात्र उलटलेलं अन्न आपल्याला चालत नाही, त्यामुळे ती वाट बंद. सकाळी करून त्याच संध्याकाळी खाणं मात्र जमतं. म्हणून भाजी-वरण सकाळीच, आणि भाजी चिरायचं काम मुलाकडे. पोळ्या त्याच दुपारी केलेल्या असाव्यात, हे केंद्रातल्या ताईंना विचारून घेतलं. शिळी पोळी कडेने कडक होते आणि दुमडताना चिरते, त्यावरून कळतं.

शनिवारी मात्र खुशाल पूर्ण जेवण मागवायचं, महिन्यातून चार वेळा. त्यातही एक सांभाळायचं. मी असतानाच एकदा "जैन" लिहून मागवलेल्या भाजीत कांदा निघाला आणि सगळी ऑर्डर टाकून द्यावी लागली. बऱ्याच हॉटेलांत रस्सा सकाळीच एकत्र करून ठेवतात, मग ऐन वेळी कांदा काढणार कसा? म्हणून आता फक्त जैन स्वयंपाकघरातून मागवतात, नाहीतर फोन करून "रस्सा वेगळा करता का" हे विचारतात.

नवीन हिशेब असा: घरच्या १८ जेवणांचे, विकतच्या पोळ्यांसह, २,७७२ रुपये आणि चार ऑर्डरींचे १,७२०. एकूण ४,४९२. म्हणजे निम्म्याहून कमी. सगळंच घरी केलं तर २,४२० मध्ये भागलं असतं. पण वरच्या २,०७२ रुपयांत महिन्याचे १७ तास सुटतात. दिवसभर कामावरून आलेल्या मुलीला ते तास महाग नाहीत, हे मला आता पटलं आहे. तुमच्याकडे पोळी स्वस्त-महाग असेल, तर आकडे आपापले घाला.

आणखी एक गोष्ट झाली, जी वहीत मांडता येत नाही. पोळ्या साडेपाचला येतात, भाजी तयार असते. सूनबाई सव्वासहाला घरी पोहोचते. मी निघायच्या आदल्या दिवशी तिने ताटं घेतली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच ऑफिसच्या दिवशी दोघं सूर्यास्ताआधी जेवली.

निघताना मी ती वही तिलाच दिली. आता त्यात एक रकाना जास्त आहे, वेळेचा.

जय जिनेंद्र.