न लिहिलेला शेरा

मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच बैठकीत संस्थेच्या सचिवांनी सांगितलं, "मॅडम, पर्यवेक्षकांचं काम बरोबर नाही. त्यांना पुन्हा सहशिक्षक करायचंय. तुम्ही कागद तयार करा." कागद तयार करायचे म्हणजे काय करायचं, हे मला उमगेना. मोठ्या बाबूंनी मागची गोपनीय अहवालांची फाइल काढून दिली, तेव्हा तर गोंधळ वाढलाच. दरवर्षी शेरा एकच होता: चांगला. एका वर्षी मात्र "अध्यापन असमाधानकारक" असं लिहिलेलं सापडलं. मला वाटलं, आधार मिळाला. बाबू म्हणाले, "मॅडम, याची पोच कुठाय?"

मी आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी खाजगी शाळा कर्मचाऱ्यांची 1981 ची सेवाशर्ती नियमावली उघडून नियम 15 दाखवला. गोपनीय अहवाल दरवर्षी लिहायचा आणि प्रतिकूल शेरा मुदतीत लेखी कळवायचा. हे केलं नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. म्हणजे तो एकुलता एक शेरा, न कळवल्यामुळे, पर्यवेक्षकांच्याच बाजूने बोलत होता. सर म्हणाले, "मागचं सोडा. या वर्षापासून सुरुवात करा. आणि नियम 28 मधला अकार्यक्षमतेचा अर्थ आधी वाचा."

तिथे लिहिलं आहे की वारंवार सूचना देऊन आणि सोयी पुरवूनही शैक्षणिक प्रगती न राखणं, किंवा आवाक्याबाहेरचं कारण नसताना अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न करणं, ही अकार्यक्षमता. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की यातला प्रत्येक शब्द उद्या कागदावर दाखवावा लागणार: सूचना कधी दिली, सोय कोणती केली, कारण कोणाच्या हातातलं होतं.

पर्यवेक्षक नववीला गणित शिकवत. ऑगस्टमध्ये मी त्यांच्या तासाला बसले आणि लॉगबुकात लिहिलं, "शिकवणे प्रभावी नाही." सरांनी विचारलं, "हे उलटतपासणीत कसं सिद्ध कराल?" मग पुढच्या पाठ निरीक्षणाची नोंद अशी झाली: "नववी ब, तिसरी तासिका. वार्षिक नियोजनानुसार बहुपदी संपायला हवे होते. वर्गात वास्तव संख्या चालू. टाचणवही 20 जुलैनंतर कोरी. पाहिलेल्या दहा वह्यांपैकी सात वह्यांत गृहपाठ तपासलेला नाही." खाली तारीख, माझी सही, त्यांची सही. यात माझं मत कुठेच नव्हतं. वह्या आणि नियोजन कोणालाही पडताळता येत होतं.

पाठोपाठ ज्ञापन दिलं: टाचण रोज, राहिलेला भाग कोणत्या तारखेपर्यंत, वह्या कधी दाखवायच्या. सोय म्हणून त्यांच्या आठवड्यातल्या दोन तासिका कमी केल्या आणि तोही आदेश फाइलला लावला. एकदा त्यांनी ज्ञापन घ्यायला नकार दिला. तेव्हा "स्वीकारण्यास नकार" असं लिहून हजर असलेल्या दोघांच्या सह्या घेतल्या, प्रत पोस्टाने घरी पाठवली आणि पावती जोडली.

याच काळात मी इतर शिक्षकांच्या तासांनाही बसत होते आणि त्याच नमुन्यात लिहीत होते. नोंदी एकाच माणसाच्या सापडल्या, तर त्या आकसाने केल्या असं म्हणायला जागा राहते.

त्यांचा खुलासा आला, तेव्हा मी पुन्हा अडखळले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपण मतदारयादीच्या कामावर होतो, असं त्यांनी लिहिलं होतं आणि आदेशाची प्रत जोडली होती. मस्टर पाहिलं, खरं होतं. मी खुलासा जसाच्या तसा फाइलला लावला आणि त्याखाली नोंद केली: या दोन महिन्यांतला मागे पडलेला भाग त्यांच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने. मात्र जुलै-ऑगस्टचा कोरा काळ आणि दिवाळीनंतरची न तपासलेल्या वह्यांची चळत यांना ते कारण लागू पडत नव्हतं.

वर्षअखेरीस प्रतिकूल शेरा लिहिला, त्यात तारखा घातल्या आणि मुदतीत पोच घेऊन दिला. फाइल सोपवताना सचिवांना मी स्पष्ट सांगितलं, की एवढ्यावर पदावनतीचा आदेश काढता येणार नाही. आधी आरोपपत्र द्यावं लागेल, मग चौकशी समिती बसेल. तिच्यात संस्थेचा एक सदस्य असेल, पर्यवेक्षकांनी नेमलेला एक असेल आणि तिसरे पुरस्कारप्राप्त शिक्षक असतील. त्यांच्यापुढे प्रत्येक नोंद तपासली जाईल, आणि आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील होऊ शकेल. म्हणून आरोपपत्रात मतदारयादीचे महिने घालू नका, मागच्या वर्षांचा उल्लेखही नको. या वर्षीच्या पोच असलेल्या नोंदींपुरतंच बोला. सचिवांना ते फार तोकडं वाटलं. पण तेवढंच आम्हाला सिद्ध करता येण्यासारखं होतं, आणि त्या माणसाच्या पदाचा निकाल त्याहून जास्तीच्या आधारावर मागण्याचा आम्हाला हक्क नव्हता.