कानबाई मोठ्या पडद्यावर

माझं काम सुरतेतल्या रिंग रोडच्या कापड मार्केटात, घर गोडादऱ्यात. आमच्या गल्लीत निम्मी घरं जळगाव-धुळ्याकडची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा माय गावी जातेच. गेल्या वर्षी गुडघ्यांनी अडवलं. चुलतभावाने उत्सवाचे व्हिडिओ पाठवले, पण फोनवर तिला चेहरे ओळखू येईनात. ती नुसता आवाज ऐकत बसली. मला ते बघवेना.

आमचा टीव्ही 2012चा, 32 इंची. मी टीव्हीवर फोन दाखवणारी चार अ‍ॅप उतरवली. चारही नुसती टीव्ही शोधत राहिली. एकाने तर तीन दिवस फुकट, मग दर आठवड्याला पैसे, अशी अट पुढे केली. दोष अ‍ॅपचा नव्हताच. अ‍ॅप फक्त चित्र पाठवतं. ते घ्यायला पलीकडे वायफाय लागतं. रिमोटच्या मेनूत नेटवर्क असा भागच नसेल, तर कितीही अ‍ॅप बदलली तरी उपयोग नाही.

टीव्हीला HDMIचं भोक मात्र होतं. त्यात बसणारा छोटा डोंगल आणला, टीव्हीच्या यूएसबीतून त्याला वीज दिली आणि फोनमध्ये Smart View लावलं. चित्र आलं! दोन-तीन मिनिटांनी पडदा काळा, मग डोंगलचं चिन्ह, मग पुन्हा सुरुवात. असं तीनदा झालं. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं ही वीज कमी पडल्याची खूण. यूएसबीशेजारी 0.5A लिहिलेलं होतं, डोंगलला 1A हवे होते. मोबाइलचा जुना चार्जर जोडला आणि ते थांबलं.

तरी चित्र अडखळत होतं. भिंतीला भिंत लागलेली घरं, प्रत्येक घरात वायफाय. त्यात डोंगल टीव्हीच्या पाठीमागे दडलेला. वीतभर HDMIची वायर जोडून त्याला बाजूला बाहेर काढलं, तेव्हा चित्र बऱ्यापैकी सरळ चालू लागलं. फोनवर येणारे मेसेजही टीव्हीवर झळकत होते, म्हणून Do Not Disturb लावून ठेवलं.

चेहरे अजून धूसरच. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. फोनवर ते खपून जातं, 32 इंचांवर उघडं पडतं. भावाला तेच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगितले.

रात्री माय टीव्हीसमोर बसली. रोट, नारळ, विसर्जनाला डोक्यावर कानबाई घेतलेली तिची जाऊ. "आते बराबर दिखस," ती म्हणाली आणि एकेकीचं नाव घेऊ लागली. फोन उभा धरून काढलेले तीन व्हिडिओ मात्र मधल्या अरुंद पट्टीतच राहिले. त्यांना इलाज नव्हता. मायने तिथूनच गावी फोन लावला: पुढच्या वर्षी मोबाइल आडवा धर रे भाऊ.