पाठीतली सुई की पूर्ण भूल?



गेल्या महिन्यात भंडाऱ्याला सासूबाईंच्या पिशवीचे ऑपरेशन झाले. अंग बाहेर येण्याचा त्रास त्यांनी कितीतरी वर्षे लपवला, तो विषय आपल्याकडे कोणी काढत नाही. पण ऑपरेशनपेक्षा त्यांना भीती होती ती भुलेची. "पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची जाते," हे त्यांनी शेजारणींकडून ऐकलेले.

आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम खाटेजवळ येऊन बसल्या. सासूबाईंचा पहिला प्रश्न उपवासाचा. त्यांचा रात्री पाण्याचाही त्याग. मॅडम म्हणाल्या, "आजी, जेवण सूर्यास्ताआधी करा, उत्तमच. ऑपरेशन अकराला आहे. सकाळी दोन घटिका झाल्या की साधे पाणी प्या, नऊपर्यंत चालेल. पण चहा नाही." चहात दूध असते, म्हणून पोटाच्या हिशेबात तो अन्नच, सहा तास आधी बंद. कारण पूर्ण भुलेत घसाही झोपतो. पोटातले वर आले तर ठसका लागत नाही आणि ते फुप्फुसात उतरते. पाठीतल्या सुईलाही पोट रिकामे लागते, कारण ती पुरली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते. मग पाणी तरी कशाला प्यायचे? तर अंगात पाणी कमी असले की पाठीतल्या सुईनंतर बीपी जास्त उतरते. रात्रभर कोरड्या राहणाऱ्या आपल्या बायकांनी हे मॅडमना आधीच सांगावे, म्हणजे त्या सलाइनकडे लक्ष ठेवतात.

मग कंबरेचे. मॅडमनी स्वतःच्या पाठीवर बोट ठेवून दाखवले. मज्जारज्जू कंबरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या खाली, दोन मणक्यांच्या मधून जाते. तिथे पाण्यात मोकळ्या तरंगणाऱ्या नसा असतात. आधी कातडी बधिर करतात, मग केसासारखी बारीक सुई, आणि औषध जेमतेम तीन मिली. सुईच्या जागी दोन-चार दिवस दुखते. जन्माचे कंबरदुखणे या सुईने येत नाही. ते बाळंतपणे, वाकून केलेली कामे आणि वयामुळे येते. (हे मी घरी मोठ्याने म्हटले, कोणाला पटले नाही.)

थिएटरमध्ये काय झाले ते सासूबाईंच्याच तोंडून. बसवून, हनुवटी छातीला लावून, पाठ मांजरीसारखी गोल करायला लावली. औषध गेल्यावर आधी पाय गरम झाले, मग जड, मग "माझे पाय कुठे गेले" असे वाटले. मॅडमनी स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवला. गार लागत नाही म्हणाल्या, तेव्हाच सुरुवात झाली. दुखत नव्हते, पण ओढणे, ढकलणे कळत होते. हे आधी सांगितले नसते तर त्या घाबरल्या असत्या. मध्येच मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तसे वाटले की लगेच सांगा, असे मॅडमनी बजावले होते. बीपी उतरल्याची ती खूण. शिरेतून औषध दिल्यावर दोन मिनिटांत बरे वाटले. थंडीही वाजली, पांघरूण घातले. बाकी वेळ मनात णमोकार चालू होता.

दोन-तीन तासांनी पाय परत आले. लघवीची नळी होतीच, कारण तीही जाणीव उशिरा येते. कधी कधी पुढच्या दोन-तीन दिवसांत डोके दुखते: उठून बसले की ठणकते, आडवे झाले की थांबते. तशी खूण दिसली तर डॉक्टरांना सांगायचे, त्यावर इलाज आहे. सासूबाईंना नाही झाले.

पूर्ण भूल लागली असती तर? तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शिरेत इंजेक्शन, हातात थोडी आग, आणि अर्ध्या मिनिटात काहीच आठवत नाही. श्वासाची नळी झोपल्यावर घालतात, म्हणून हलणारा दात किंवा कवळी आधी सांगावी. जागे झाल्यावर घसा खवखवतो, मळमळते, म्हाताऱ्या माणसाला थोडा वेळ गोंधळल्यासारखे होते.

इथे आपल्या घरांसाठी एक गोष्ट. झोपवण्याचे ते दुधासारखे पांढरे इंजेक्शन म्हणजे प्रोपोफॉल. त्यात सोयाबीनचे तेल आणि अंड्यातून काढलेले लेसिथिन असते. पाठीतल्या औषधात तसे काही नाही: बुपिवाकेन, थोडे ग्लुकोज आणि पाणी. सासूबाईंनी विचारले म्हणून मॅडमनी सांगितले, आणि थायोपेंटोन नावाचे अंड्याविना औषधही असते, पण ते प्रत्येकाला चालेलच असे नाही, हेही. माझे मत असे की हा प्रश्न आदल्या दिवशी विचारावा, टेबलावर नाही. आणि जिवावरचा प्रसंग असेल तर औषधाची निवड डॉक्टरांवर सोडावी.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र तारीख ठरतानाच सांगा. पाठीत सुई देता येईल की नाही, आणि गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे त्यावर ठरते.