ढगफुटी नव्हती, तळं फुटलं होतं

सिक्कीममध्ये ४ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी जे झालं त्याची पहिली बातमी आपल्याकडे आली ती "ढगफुटी" म्हणून. आजही कुणाशी बोललं की तोच शब्द ऐकू येतो. हिमालयात पूर आला की ढगफुटी, हे आता आपल्या तोंडात इतकं बसलंय की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. ढगफुटी म्हटलं की विषय संपतो. आभाळ फाटलं, त्याला कोण काय करणार?

पण त्या रात्री उत्तर सिक्कीममध्ये ढगफुटी म्हणावी असा पाऊस नोंदला गेलेला नाही. फुटलं ते ल्होनाक खोऱ्यातलं साउथ ल्होनाक नावाचं तळं. आणि ते अचानक उगवलेलं नव्हतं. ते वाढताना उपग्रहातून जवळपास पन्नास वर्षं दिसत होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लाचेन, लाचुंग, गुरुडोंगमारच्या सहली आपल्याकडचे कितीतरी लोक करतात, त्या रस्त्यावरचं चुंगथांग गाव ओळखीचं असेल. ही गोष्ट त्याच खोऱ्यातली आहे.

आधी तळं होतं कसं ते बघू. हिमनदी म्हणजे हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रवाह. सरकताना ती दोन्ही बाजूंचे दगड, गोटे, माती खरवडत नेते आणि कडेला, टोकाला त्यांचे बांध रचते. शाळेच्या भूगोलात यालाच आपण हिमोढ म्हणून शिकलो. काहीशे वर्षांपूर्वी थंडी जास्त होती, तेव्हा हिमनद्या फुगून पुढे आल्या होत्या आणि त्यांनी मोठमोठे हिमोढ रचले. आता बर्फ मागे हटतोय. बर्फ गेला, बांध तसेच राहिले, आणि मधल्या खड्ड्यात वितळलेलं पाणी साठलं. म्हणजे धरणच, फक्त ते कुणी बांधलेलं नाही. त्यात ना काँक्रीट, ना सांडवा. सुटे दगड, रेती आणि त्यांना धरून ठेवणारं गोठलेलं पाणी.

आता मुख्य प्रश्न. हिमनद्या सगळ्या हिमालयात आहेत, मग अशी मोठी तळी पूर्व नेपाळ, सिक्कीम आणि भूतानमध्येच जास्त का? १९८५ मध्ये नेपाळमधलं दिग त्शो फुटलं, १९९४ मध्ये भूतानमधलं लुग्ये त्शो फुटलं, २०२३ मध्ये हे. तिन्ही पूर्वेकडची. याची माझ्या समजुतीप्रमाणे दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं कारण पावसाचं. पश्चिमेकडे, काराकोरमच्या बाजूला, बर्फ मुख्यतः हिवाळ्यात पडतो. पूर्वेकडच्या हिमनद्यांचं पोट भरतं ते पावसाळ्यात, म्हणजे ऐन उन्हाळी महिन्यांत. त्याच काळात वितळणंही चालू असतं. अशा ठिकाणी तापमान थोडं जरी वाढलं तरी दुहेरी मार बसतो. जे बर्फ म्हणून पडायचं ते पाऊस म्हणून पडतं, म्हणजे भर कमी झाली. आणि ताज्या पांढऱ्या बर्फाचं पांघरूण नसल्यामुळे खालचा मळकट बर्फ ऊन जास्त शोषतो, म्हणजे खर्च वाढला. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या गेल्या काही दशकांत त्या मानाने टिकून राहिल्या. तिथेही पूर येतात, पण वेगळ्या पद्धतीने. तिथली एखादी हिमनदी एकदम पुढे सरकते, शेजारच्या नाल्याला बर्फाची भिंत घालते आणि पाणी अडतं. हुंझा खोऱ्यातल्या शिस्पर हिमनदीने असंच केलं, आणि मे २०२२ मध्ये हसनाबादचा पूल वाहून गेला.

दुसरं कारण उताराचं. पूर्वेकडच्या अनेक मोठ्या हिमनद्यांची खालची जीभ जवळजवळ सपाट असते आणि दगडगोट्यांनी झाकलेली असते. तीव्र उतारावर वितळलेलं पाणी निघून जातं. उतार दोन अंशांहून कमी असेल तर ते जागच्या जागी डबक्यांत साठतं. पाणी शेजारचा बर्फ खातं, डबकी एकमेकांत मिसळतात, एक तळं होतं. मग तळं हिमनदीच्या टोकाला भिडतं, बर्फाचे कडे तुटून पाण्यात पडतात आणि तळं मागे मागे वाढत जातं. एकदा हे चक्र सुरू झालं की ते थांबवायला फारसं काही उरत नाही.

साउथ ल्होनाकचं नेमकं हेच झालं. समुद्रसपाटीपासून साधारण ५२०० मीटरवर असलेलं हे तळं १९७० च्या दशकात सुमारे ०.२ चौरस किलोमीटरचं होतं. २०२३ मध्ये ते १.६७ चौरस किलोमीटर झालं. आठपट! संशोधकांनी धोक्याचे इशारे दिले होते, पूर चुंगथांगपर्यंत कसा पोचेल याची गणितंही मांडली होती.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये सोनम वांगचुक यांच्या मदतीने तिथे आठ इंची तीन पाइप टाकून सायफनने पाणी काढायला सुरुवात झाली. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत हे काम करणाऱ्यांना मनापासून सलाम. पण आकडेमोड करून बघा. सायफनचा वेग सेकंदाला साधारण १५० लिटर सांगितला जात होता, म्हणजे दिवसाला सुमारे १३ हजार घनमीटर. दीड-पावणेदोन चौरस किलोमीटरच्या तळ्यात याने पातळी दिवसाला सेंटिमीटरभरही उतरत नाही, आणि तेही वरून एक थेंब नवा येत नाही असं धरून. प्रत्यक्षात उन्हाळाभर बर्फाचं पाणी येतच असतं.

नेपाळने २०१६ मध्येच इम्जा तळ्याला वेगळा उपाय केला. बांध रीतसर कापून दरवाजाचा कालवा काढला आणि पातळी तीन मीटरहून जास्त उतरवली. यात पातळी उतरलेलीच राहते, रोज उपसा करावा लागत नाही. पण यालाही मर्यादा आहे, आणि ती साउथ ल्होनाकनेच दाखवली.

३ ऑक्टोबरच्या रात्री दहाच्या सुमारास तळ्याच्या उत्तरेकडचा हिमोढाचा कडा खचला. सुमारे दीड कोटी घनमीटर गोठलेली माती-दगड एका दमात पाण्यात कोसळले. वीसेक मीटरची लाट उठली, समोरच्या बांधावरून उसळली आणि बांध कापत गेली. सुट्या दगडांच्या बांधावरून पाणी एकदा वाहायला लागलं की ते स्वतःची वाट स्वतःच खोल करतं. वाट खोल झाली की जास्त पाणी येतं, जास्त पाणी आलं की वाट आणखी खोल होते. सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी बाहेर पडलं. आपल्या भाषेत पावणेदोन टीएमसी. पुणेकरांनी जवळजवळ भरलेलं खडकवासला डोळ्यांसमोर आणावं. इस्रोच्या चित्रांत २८ सप्टेंबरला १६७ हेक्टर दिसणारं तळं ४ ऑक्टोबरला ६० हेक्टरवर आलेलं दिसतं.

इम्जासारखी तीन मीटर पातळी उतरवली असती तरी वीस मीटरची लाट थांबली नसती. नुकसान कदाचित कमी झालं असतं, टळलं नसतं.

आणि पुढे गेलं ते नुसतं पाणी नव्हतं. वाटेत या लोंढ्याने दोन्ही काठ खरवडले आणि २७ कोटी घनमीटरच्या आसपास गाळ उचलला, पाण्याच्या पाचपटीहून जास्त. तळ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर खाली चुंगथांगला पोचायला दोन-अडीच तास लागले. तिथे १२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचं साठ मीटर उंचीचं दगडभरावाचं धरण होतं. दरवाजे वेळेत उघडले गेले नाहीत. धरण काही मिनिटांत गेलं, आणि त्यातलं पाणीही लोंढ्यात मिसळलं. ५५ माणसं मेली, ७४ बेपत्ता झाली. पुराची झळ पार बांगलादेशापर्यंत पोचली.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. नंतर जुनी उपग्रह चित्रं तपासली तेव्हा दिसलं, की जो कडा कोसळला तो आधीची काही वर्षं हलत होता. काही भाग वर्षाला पंधरा मीटरपर्यंत! सगळ्यांचं लक्ष तळं किती मोठं झालं यावर होतं. तळ्यात काय पडू शकतं हे कुणी सतत मोजत नव्हतं. धोकादायक तळ्यांच्या याद्याही बहुतेक आकारापासून सुरू होतात. खरं तर विचारायला हवं ते असं: काठावरचा उतार गोठलेला आहे की सुटतोय? वर लोंबकळणारा बर्फ आहे का? बांधाची पाण्यावरची मोकळी उंची किती? आणि खालच्या गावापर्यंत पाणी किती वेळात येईल?

एक खुलासा, कारण कमेंटमध्ये येणारच. चमोली, फेब्रुवारी २०२१ हे तळं फुटणं नव्हतं. तिथे रोंती शिखराचा खडक आणि बर्फाचा कडाच कोसळला. केदारनाथला २०१३ मध्ये चोराबारी तळं फुटलं हे खरं, पण ते लहान होतं आणि त्यामागे अतिवृष्टी होती. उत्तराखंड-हिमाचल सुरक्षित आहेत असा याचा अर्थ नाही. पण तिन्ही ठिकाणी कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

आता तिस्ता-३ पुन्हा बांधायचं चाललंय. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याला हिरवा कंदील दिला. नवं धरण काँक्रीटचं, सुमारे ११८ मीटर उंच, आणि सांडव्याची क्षमता आधीच्या जवळपास तिप्पट. पाणी सोडायला हे बरंच बरं आहे, मान्य. पण सांडव्याचं गणित पाण्याचं असतं आणि त्या रात्री आला तो दगडमातीचा लोंढा होता. वर साउथ ल्होनाकमध्ये अजून पाणी आहे, हिमनदी अजून मागे हटतेय, उरलेले कडे अजून उभे आहेत. ते रोज कोण मोजतंय, आणि कडा हलला तर चुंगथांगमधल्या माणसाला मध्यरात्री कोण, किती मिनिटांत उठवणार, हे आधी लोकांसमोर ठेवा. दोन-अडीच तास मिळतात. माणसं वर डोंगरावर चढायला तेवढे पुरतात, पण कुणी सांगितलं तर.

पुढच्या वेळी "ढगफुटी" अशी बातमी आली, तर एवढंच विचारा: पाऊस किती मिलिमीटर पडला? आकडा सांगता आला नाही, तर वर काय फुटलं ते शोधायला हवं.