आधीं घसरेल कीं आधीं उलथेल?

उंच व अरुंद खोकें उतरत्या फळीवर उभें केलें असतां तें आधीं घसरेल कीं आधीं उलथेल, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत निरुपद्रवी दिसतो. अमडापुरास आमच्या एका स्नेह्यांचें रिकामें ग्रंथकपाट लांकडी खोक्यांत बंद होऊन मालमोटारीनें आलें, तेव्हां त्याचें स्वरूप पालटलें. खोकें २ फूट रुंद व ६ फूट उंच. मोटारीचा तळ जमिनीपासून ४ फूट. टेकवावयाची फळी १२ फूट. हमालांचें म्हणणें, "उभेंच सोडूं, घसरत येईल, एक जण खालून धरील." त्या एका जणासाठीं हिशेब करणें अवश्य होतें.

आम्ही त्याच जातीच्या लांकडाचा २ इंच रुंद व ६ इंच उंच ठोकळा घेतला. तो प्रथम फळीवर आडवा ठेवून फळीचें एक टोंक हळूहळू उचललें. आडव्या १० भागांस सुमारें ४ भाग चढ होतांच ठोकळा घसरला. म्हणजे घर्षणाची धरून ठेवण्याची शक्ति तेथें संपली. मग तोच ठोकळा उभा केला. या खेपेस चढ १० भागांस ३⅓ होतांच तो जागचा न हलतां पुढें कोसळला.

कारण उघड आहे. ठोकळ्याचा गुरुत्वमध्य ३ इंच उंचीवर व खालच्या कडेपासून १ इंच आंत असतो. त्यांतून सोडलेला ओळंबा चढ वाढेल तसा त्या कडेकडे सरकतो आणि तिच्या बाहेर गेला कीं ठोकळा उलथतो. ३ इंचांस १ इंच, म्हणजेच १० स ३⅓. येथें वजनाचा कांहींच संबंध नाहीं. वजन वाढलें कीं घसरविणारें बळ व घर्षण सारख्याच प्रमाणांत वाढतात. म्हणून ठोकळ्याचा निर्णय तोच मोठ्या खोक्याचा निर्णय.

आतां मोटारीची फळी पाहूं. ४ फूट चढास आडवें अंतर ११ फुटांहून थोडें अधिक, म्हणजे १० स सुमारें साडेतीन. हा चढ घसरण्यास अपुरा, पण उलथण्यास पुरेसा! खालीं उभ्या राहणाऱ्या माणसाकडे खोकें घसरत येणार नव्हतें. तें त्याच्या अंगावर पडणार होतें.

फळीस साबण लावावा, असें एकानें सुचविलें. तेणें घर्षण कमी होऊन खोकें न उलथतां घसरेल हें खरें. परंतु वाटेंत एखादा खिळा आडवा आला कीं पाय अडकून माथा वेगानें पुढें जाईल.

अखेरीस खोकें फळीवर लांबीनें निजविलें. आतां गुरुत्वमध्य अवघा १ फूट उंच व खालच्या कडेपासून ३ फूट आंत. उलथण्यास १० स ३० चढ लागता. तें आपण होऊन घसरलेंही नाहीं. वरून दोर धरून व हळूहळू रेटून तें खालीं आणावें लागलें, आणि खालीं कोणास उभें राहण्याची गरजच उरली नाहीं.