परदेशस्थांसाठी विषय शोधताना

कौटुंबिक मासिकातील परदेशस्थांच्या दोन पानांचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिला लेख मी एका बैठकीत लिहून टाकला. दिवाळीच्या रात्री खिडकीबाहेर बर्फ, हातात पुरणपोळीची आठवण आणि डोळ्यांत पाणी, असे ते चित्र होते. लंडनला राहणाऱ्या माझ्या भाचीने तो वाचून फोन केला. ती म्हणाली, “मावशी, भाषा छान आहे, पण आमच्याकडे पुरणपोळीसाठी कोणी रडत नाही, ती दुकानात मिळते. गेल्या वर्षभरात मी तुला कशाकशासाठी फोन केले, ते आठव. तेच तुझे विषय.”

मी आठवू लागले. जूनमध्ये तिने चौविहाराबद्दल विचारले होते. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, लंडनला सव्वानऊनंतर. तेव्हा अडचण मुलांच्या झोपेची होती. डिसेंबरात मात्र तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. नवकारसीच्या ४८ मिनिटांनंतर पहिला घास नऊच्या आसपास आणि शेवटचा कचेरीतच! म्हणजे दुपारचा डबा हेच संध्याकाळचे जेवण. त्या डब्यात काय न्यावे आणि तीन वाजता बैठक असली तर काय करावे, हे तिचे खरे प्रश्न होते. आहाराचा विषय मी स्वयंपाकघरात शोधत होते. तो घड्याळात होता.

दुसरा फोन न्यू जर्सीच्या पुतण्याचा, भाद्रपदातला. दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस आमच्या दिनदर्शिकेत बुधवारी होता, त्याच्या हिशेबाने मंगळवारी. मला वाटले, त्याचे चुकले. चुकले नव्हते. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते, पण दिवसाची तिथी त्या गावच्या सूर्योदयावरून धरतात. समजा, पंचमी आपल्याकडे मंगळवारी सकाळी अकराला लागली. आपला त्या दिवशीचा सूर्योदय चतुर्थीत झालेला असतो, म्हणून पंचमी बुधवारची. न्यू जर्सीत त्या वेळी मंगळवारची रात्रीची दीड वाजलेली असते. सूर्य उगवेल तो पंचमीतच. मग उपवास कोणत्या दिवशी धरायचा? काही ठिकाणी संघ भारतातील दिवस पाळतात, काही ठिकाणी स्थानिक पंचांग. त्यामुळे लेखात तारीख छापण्याऐवजी ‘आपला संघ कोणते पंचांग मानतो, ते आधी विचारा’ हे वाक्य उदाहरणासह छापणे अधिक उपयोगी, हे मला तेव्हा कळले.

तिसरा विषय आमच्याच घरातला आहे आणि तो लिहिताना आजही मन खट्टू होते. अमेरिकेतील थोरल्या दिरांच्या नावावर बाजारपेठेतील जुन्या दुकानाचा हिस्सा होता. विक्रीसाठी त्यांनी तिथल्या नोटरीसमोर मुखत्यारपत्रावर सही केली, अपोस्टील करून घेतले आणि कागद आमच्याकडे पाठवला. तो पोहोचल्याच्या आनंदात आम्ही तो कपाटात ठेवला. पाच महिन्यांनी खरेदीखताच्या वेळी कळले, की राज्याबाहेर झालेला दस्त महाराष्ट्रात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते कोणी भरले नव्हते. दिरांना पुन्हा सही करावी लागली. तोपर्यंत बयाण्याची मुदत टळली आणि खरेदीदाराने दुसरा गाळा घेतला. सही परदेशात झाली होती, पण चूक इथल्या कपाटात झाली. म्हणून या विषयाचा वाचक परदेशात जितका आहे, तितकाच इथे पेढीवर बसलेलाही आहे. त्या लेखात मी एवढेच सांगितले: पाकीट फेकू नका, कारण पोहोचल्याचा दिवस त्यावरून दाखवता येतो, आणि त्याच आठवड्यात मुद्रांक कार्यालय गाठा.

आता कोणी मला परदेशस्थांसाठी लेख पाठवतो म्हणाले, की मी आधी विचारते: हा माणूस कोणत्या गावी राहतो आणि त्याने शेवटचा फोन कशासाठी केला होता? लंडन आणि न्यू जर्सी यांत गावाचे नाव बदलले तरी लेख तसाच राहत असेल, तर तो परत करते. माझा तो बर्फाचा पहिला लेख आज माझ्याकडे आला असता, तर तोही मी परत केला असता.