घर सोडताना मीटरचा फोटो घेतला का?

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या काकू वीज बिल घेऊन घरी आल्या. "बघ की रे, सर घर सोडून गेले अन् माझ्या डोक्यावर पाचशे अठरा युनिट टाकून गेले." बातम्या लिहितो म्हणून मला सगळंच कळतं, असा गल्लीचा समज आहे. पण या बिलात खरंच काही कळण्यासारखं होतं, म्हणून ही पोस्ट.

सर आणि मॅडम दोघंही शाळेत. मीटर व्हरांड्यात आणि ग्रीलला दिवसभर कुलूप. रीडिंग घेणारा पोरगा आला की परत जायचा. त्यामुळं एप्रिल आणि मे महिन्याच्या बिलात 'चालू रीडिंग'च्या जागी आकडाच नव्हता, LOCK छापलेलं होतं. असं छापलं की ते बिल सरासरीचं असतं. सरांना दोन्ही वेळा सत्तर-सत्तर युनिटचं, ₹640चं बिल आलं. त्यांनी ते इमानदारीनं भरलं. पण उन्हाळा होता, घरात कूलर होता. खरा वापर मीटरमध्ये साठत राहिला.

३१ मेला सर बदलीच्या गावी गेले आणि ५ जूनला नवीन भाडेकरू आले. ६ जूनला ग्रील उघडी सापडली आणि खरं रीडिंग झालं: ७८५८. त्याआधीचं खरं रीडिंग मार्चचं, ७३४०. म्हणजे तीन महिन्यांचे ५१८ युनिट एकदम एका बिलात आले. सर म्हणतात, मी माझी बिलं भरली. नवीन भाडेकरू म्हणतो, मी तर कालच आलो. आणि कनेक्शन काकूंच्या नावावर! बिल थकलं तर वीज त्या घराची तुटणार, सरांची नाही.

वाचवलं ते सरांच्या मोबाईलमधल्या एका फोटोनं. सामान भरताना मॅडमनी मीटरचा फोटो काढला होता: ७८४६. त्यामुळं सरांचे ५०६ युनिट आणि नवीन भाडेकरूचे १२, एवढं दोन मिनिटांत ठरलं.

मग पैशाचं. आधी एक गोष्ट तपासली. तीन महिन्यांचा वापर एकाच महिन्याचा धरला तर बरेच युनिट महागड्या टप्प्यात जातात. महिन्यांत विभागला तर पहिला शंभर युनिटचा स्वस्त टप्पा तीनदा मिळतो. इथं तो मिळाला होता. नसता मिळाला तर महावितरणकडं बिल दुरुस्तीचा अर्ज करावा लागला असता. स्थिर आकार, वीज शुल्क सगळं धरून तीन महिन्यांचे ₹५,४३९ झाले, म्हणजे युनिटला साडेदहा रुपये. सरांचे ₹५,३१३ होतात. त्यातून भरलेले ₹१,२८० वजा केले, राहिले ₹४,०३३. नवीन भाडेकरूचे ₹१२६. दोन्हींची बेरीज बरोबर बिलाएवढी, ₹४,१५९. काकूंनी डिपॉझिट अजून दिलं नव्हतं, म्हणून फोनवरच मिटलं. दिलं असतं तर सर देतो म्हणाले असते, पण दिले असते का, देव जाणे.

फोटो काढताना बहुतेक जण एक चूक करतात. डिजिटल मीटरची स्क्रीन फिरत असते. कधी तारीख दिसते, कधी वेळ, कधी व्होल्टेज. आपल्याला शेजारी kWh लिहिलेला आकडा पाहिजे. फोटोत मीटरचा नंबरही यायला हवा, आणि तो बिलावरच्या नंबराशी जुळवून बघा. एका वाड्यात चार मीटर असतात, तिथं शेजाऱ्याचंच रीडिंग लिहून दिल्याचं मी पाहिलंय. फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर जाऊ द्या, त्याच दिवशी.

आणखी एक घोळ या प्रकरणात निघाला. बिलाचा एसएमएस सरांच्या मोबाईलवर जात होता, कारण भाड्यानं आले तेव्हा काकूंनीच त्यांचा नंबर नोंदवायला सांगितला होता. घर सोडताना तो बदलायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून तो बदलता येतो.

केंद्राच्या २०२०च्या वीज ग्राहक हक्क नियमांत तर जागा सोडताना खास रीडिंग आणि अंतिम बिल मागायची सोय आहे. पण ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर कनेक्शन तो, म्हणून अर्ज घरमालकानंच करायचा. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंस." भाडेकरू बदलला म्हणून कनेक्शनचं नाव बदलावं लागत नाही, घर विकलं तर मात्र बदलून घ्यावं लागतं, नाहीतर जुन्या मालकाच्या नावानं बिल वर्षानुवर्षं येत राहतं.

नळाचं मात्र सोपं. आमच्या गल्लीत नळाला मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची येते अन् काकूच भरतात.

नवीन भाडेकरूनं काल काकूंना ग्रीलची एक चावी देऊन ठेवलीय.